सगळेच सुटले

नोकऱ्या मी आजवर बिनअभ्यासाच्या धरल्या आणि त्या बऱ्या निघाल्या. एकदाच एका कंपनीचा पद्धतशीर अभ्यास करून तिच्यात शिरायला निघालो, त्या अभ्यासाची ही हकीकत.

मी नागपुरात मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतो. एका विमा कंपनीकडून तिच्या ग्राहकांना जे मेसेज जातात, ते बरोबर जातात की नाही हे तपासणं माझं काम. तपासणीचा मेसेज तपासणीच्या यादीला पाठवायचा असतो. मी तो खऱ्या ग्राहकांना पाठवला. ‘ही चाचणी आहे, कृपया दुर्लक्ष करा.’ एवढंच असतं तर लोकांनी दुर्लक्ष केलंही असतं. पण मेसेज गेला की नाही याची खात्री वाटेना, म्हणून मी तो पुन्हा पाठवला, आणि मग झालेली चूक दुरुस्त झाली का हे पाहण्यासाठी आणखी एकदा. विमा कंपनीच्या फोनवर लोक विचारू लागले की आमच्या पॉलिसीकडे दुर्लक्ष करायचं की कसं.

त्यानंतर मला परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅनवर घेतलं. म्हणजे तुमचं काम कुठे कमी पडतं ते कागदावर लिहून देतात, सुधारायला ठरावीक मुदत देतात, आणि मुदतीनंतर ठरवतात की हा माणूस ठेवायचा की नाही. या लांबलचक नावाची आद्याक्षरं पी, आय, पी. ऑफिसात त्याचं पिप होतं आणि नागपुरात आलं की त्याचं पीप व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडे पीप म्हणजे पाणी भरून ठेवायचं ते. अमक्याला पिपात टाकला, असं म्हणायची पद्धत पडली.

माझ्या मॅनेजर मॅडमनी दोन महिने दर सोमवारी मला समोर बसवलं. कागदावर तीनच गोष्टी होत्या आणि तिन्ही मोजता येण्यासारख्या. एक जुना टेस्टर माझ्या शेजारी आणून बसवला. मी मेसेज पाठवायच्या आधी तो यादी बघायचा आणि खोल श्वास घ्यायचा. दोन महिन्यांनी प्लॅन बंद झाल्याचं पत्र आलं. त्या वर्षी पगारवाढ झाली नाही, नोकरी राहिली.

पण कँटीनमध्ये माझं नाव ‘पीपवाले’ पडलं ते पडलंच. दोन वर्षं झाली तरी कोणीतरी ताट घेऊन शेजारी बसायचं आणि विचारायचं, “काय जी, किती पाणी आहे आज?” मी हसायचो. हसताना मनात एकच असायचं की कुठेतरी जावं, जिथे माझ्या पिपाची बातमी पोहोचली नाही.

तशी जागा निघाली, तीही समोरच्याच रस्त्यावर. मोठी कंपनी, पगार चांगला वरचढ. मी अर्ज केला आणि अभ्यासाला लागलो.

नव्या कंपनीत जाण्याआधी काय पाहावं, यावर इंटरनेटवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मते दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तिथे माणसांची सक्तीची उतरंड लावतात का. म्हणजे वर्गातल्या सगळ्यांनी पेपर चांगला सोडवला तरी कोणीतरी नापास झालाच पाहिजे, असा नियम. त्याचा आलेख घंटेसारखा दिसतो म्हणून बेल कर्व्ह म्हणतात. नागपुरात घंटा मिळणं म्हणजे हाती काहीच न लागणं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा आलेख समजवावा लागत नाही. दुसरी गोष्ट, तिथे पिपात गेलेल्यांचं पुढे काय होतं. माणसं त्यातून बाहेर येत असतील तर कंपनी सुधारायला संधी देते. येत नसतील तर ते पीप म्हणजे नुसता निरोपसमारंभ.

हा दुसरा प्रश्न मला फार आवडला. या विषयात मी स्वतःला अनुभवी समजत होतो.

उत्तर मिळालं रामटेकला, एका लग्नात. नवरी माझ्या दूरच्या नात्यातली. जेवणात वडाभात होता. माझ्या शेजारी माझ्या चुलतबहिणीचा दीर बसला होता. हा गडी समोरच्या रस्त्यावरच्या त्याच कंपनीत होता आणि आता घरच्या मिरचीच्या व्यापारात, भिवापूरला. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून हा मिरचीकडे का वळला, असा प्रश्न कोणालाही पडला असता. मला वाटलं, मिरचीची ओढ असेल.

मी पहिला वडा संपवून विषय काढला.

“तुमच्या त्या कंपनीत पीप होतं का?”

“होतं न,” तो म्हणाला. “दर साली टाकतात. टीममांगं एक.”

टीममागे एक. माझ्या अभ्यासातला पहिला इशारा इथेच वाजला होता. पण मला दुसऱ्या प्रश्नाची घाई होती.

“मग त्यातून सुटतात का?”

त्याने वडा मोडला, त्यावर फोडणीचं तेल घातलं. “सुटतात न. सगळेच सुटले. एक बी नाही राहिला.”

“एकही नाही?”

“एक बी नाही. मी सोता सुटलो न, पाहा.”

मला त्याच्याबद्दल आपुलकी दाटून आली. समदुःखी माणूस, पिपातून बाहेर आलेला. मी वाढप्याला थांबवून त्याच्या पानात आणखी एक वडा घालायला लावला. त्याने जरा चमकून माझ्याकडे पाहिलं.

“तुमी जाऊन राहिले का तिथं, भाऊ?”

“विचार चालू आहे.”

“जा न मंग,” तो भात कालवत म्हणाला. “तुमी बी सुटसान.”

इतका स्पष्ट शुभाशीर्वाद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात व्हिडिओवर मुलाखत झाली. एका चौकटीत होणारे मॅनेजर, दुसऱ्या चौकटीत एचआरच्या बाई. मॅनेजर गोड बोलणारे होते.

“आमची टीम म्हणजे घर आहे,” ते म्हणाले. “सात जण कितीतरी वर्षांपासून एकत्र आहेत. एकही हललेला नाही. आठवी जागा तुमची.”

सात जण टिकून आहेत म्हणजे टीम चांगली, असं मी मनात लिहून घेतलं. आठव्या जागेवर याआधी कोण होतं, हे विचारायचं सुचलं नाही. उलट तुम्हाला काही विचारायचंय का, असं त्यांनी म्हटल्यावर मी माझ्या अभ्यासाचं प्रदर्शन मांडलं.

“विचारायचं नाही, सांगायचंय,” मी म्हणालो. “तुमच्याकडे इम्प्रूव्हमेंट प्लॅनमधून सगळेच सुटतात असं ऐकलं. मला ते फार आवडलं.”

दोन्ही चौकटी स्तब्ध झाल्या. मला वाटलं नेट गेलं. मग एचआरच्या बाई पाणी प्यायल्या.

“कोणी सांगितलं तुम्हाला?” मॅनेजरनी विचारलं.

“तुमच्याकडचाच माणूस. स्वतः सुटलेला. खूश आहे.”

“खूश आहे?”

“हो. लग्नात भेटला. जेवण चांगलं गेलं त्याला.”

मॅनेजर थोडे सावरले. “हे पाहा, आम्ही ते शक्य तितक्या सन्मानाने करतो.”

“सन्मान महत्त्वाचाच,” मी म्हणालो. “उगाच लांबवत तर नाही ना? आमच्याकडे दोन महिने लावतात.”

“नाही, नाही. आम्ही लवकर आटोपतो.”

“उत्तम,” मी म्हणालो, आणि मला ते मनापासून उत्तम वाटलं. मॅनेजर माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, की असा उमेदवार त्यांना जन्मात भेटला नसावा. शेवटी म्हणाले, “तुम्ही फारच समजूतदार आहात.” ही स्तुती मी घरी दोनदा सांगितली.

जुलैच्या मध्यावर ऑफर आली. माझ्या कंपनीत राजीनाम्यानंतर तीन महिने काम करावं लागतं, म्हणजे सुटका ऑक्टोबरच्या मध्यावर. पण नव्यांना मी तीस सप्टेंबरच्या आतच हवा होतो. कमी पडणाऱ्या दिवसांचे पैसे माझ्या कंपनीला आम्ही भरू, असं त्यांनी पत्रातच लिहिलं होतं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. एखाद्याला आपण इतके हवे असतो, की तो आपले दिवस विकत घेतो. मी ते पत्र उशीखाली ठेवलं नाही एवढंच.

अडचण आणली आईने. मी राजीनाम्याचा मजकूर लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा होता. आमच्याकडे एकदा पाठवून मंजूर झाला, की परत घेता येत नाही.

“कवा लागतं तू तिथं?” आईने विचारलं.

“सप्टेंबरच्या शेवटी.”

ती भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे गेली आणि पानं उलटून परत आली. “बापू, पितरं चालू आहेत तवा. पितरांत कोणी नवं काम धरते का?”

“आई, कंपनीला पितर नसतात.”

“तुले आहेत न,” ती म्हणाली. “घटस्थापनेले जा. दोन-चार दिवसांनं काय बिघडते त्याईचं?”

खरंच, काय बिघडतं, असं मलाही वाटलं. घटस्थापना ऑक्टोबरच्या सुरुवातीला होती. उशिरा गेलो तर त्यांचेच पैसे वाचणार होते. आणि पितृपक्षात रुजू व्हायला नको म्हणणारा मी नागपुरातला पहिला माणूस नक्कीच नव्हतो. मी एचआरच्या बाईंना फोन केला.

“नाही सर,” त्या म्हणाल्या. “तीस सप्टेंबरच्या आतच.”

“तुमचेच पैसे वाचतील.”

“पैशाचा प्रश्न नाही सर. तीस तारखेनंतर आलात तर तुम्ही यंदाच्या रेटिंगमध्ये येत नाही.”

“चालेल की. पुढच्या वर्षी येईन.”

“मॅनेजर सरांना तुम्ही यंदाच्या रेटिंगमध्ये हवे आहात, सर. तसं नसेल तर ही ऑफर चालू ठेवता येणार नाही.”

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, “बघ. मला रेटिंग मिळावं म्हणून किती धडपड.”

माझी बायको सरकारी कार्यालयात आहे. तिच्याकडे वर्षाकाठी गोपनीय अहवाल लिहितात. तो कसाही आला तरी माणूस त्याच खुर्चीवर बसलेला असतो, हा तिचा या विषयातला पाया. ती भाजी निवडत होती.

“अहो, पण तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी जाणार, तर काम किती महिने बघणार ते? अर्धं वर्ष?”

“अर्धंच. त्यांचं वर्ष मार्चला संपतं.”

“आणि सात जणांचं पूर्ण वर्षाचं.”

“हो.”

“त्यात कोणीतरी शेवटचा यायलाच पाहिजे म्हणता?”

“टीममागे एक.”

तिने मेथीची एक जुडी संपवून दुसरी घेतली. मग म्हणाली, “तुम्ही नाही गेलात, तर शेवटचा कोण येईल?”

मला ऐकू आलं, पण समजायला पायऱ्या लागल्या. सात जुन्यांपैकीच कोणीतरी. मॅनेजरांच्या त्या घरातलंच कोणीतरी. मी अभ्यासात पुष्कळ प्रश्न जमवले होते, हा त्यांत नव्हता.

“तुमच्या त्या मिरचीवाल्याला फोन करा,” ती म्हणाली. “आणि या वेळी त्याला वडे वाढू नका.”

मी फोन केला. तो कुठेतरी बाजारात होता, मागे पोती उतरवल्याचा आवाज येत होता.

“तुम्ही म्हणाला होतात, पिपातून सगळे सुटले.”

“सुटलेच न.”

“सुटले म्हणजे काय झालं?”

“सुटले म्हंजे सुटले, भाऊ. नोकरी सुटली.”

मराठी माझी मातृभाषा आहे, हे सांगायला मला त्या क्षणी लाज वाटली असती. माणूस तुरुंगातून सुटतो, गाडी सुटते, पोट सुटतं, आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस गेला की लोक म्हणतात, सुटला बिचारा. इतक्या सुटण्यांमधून मी तुरुंगाचं निवडलं होतं, आणि त्या आनंदात समोरच्याच्या पानात वडा घातला होता.

“तुम्ही कोणत्या टीममध्ये होता?” मी विचारलं.

त्याने मॅनेजरचं नाव सांगितलं. तेच ते, गोड बोलणारे.

“सात जण जुने आहेत तिथं,” तो म्हणाला. “त्याईच्यासंगच मॅनेजरले रोज राहाचं आहे. त्याईतल्या कोणाले खाली टाकीन तो? मंग दर साली एक नवा आणते. आठवी खुर्ची. मी आठवा होतो.”

“पण रेटिंग एकटा मॅनेजर ठरवत नाही ना? मीटिंग असते.”

“असते न. सारे मॅनेजर बसतात, नावं वरखालते करतात. ज्याचं काम चार लोकांनं पाह्यलं, त्याच्यासाठी चार लोक बोलतात. नव्या माणसासाठी कोण बोलन? कोणाले माहीत राहते तो?”

“आणि पिपात काय करायला लावतात?”

“काही नाही. कागदावर लिवतात, कम्युनिकेशन सुधारा. कसं सुधारा, कोणाले मालूम. एकडाव बसवलं मले. मंग तिसऱ्या हप्त्यात एचआर म्हणे, राजीनामा देऊन टाक, रिलीव्हिंग लेटर साफ देतो, त्यात पीप नाही लिवत.” पोतं आपटल्याचा आवाज आला. “देऊन टाकला.”

“मग हे तुम्ही मला लग्नात का नाही सांगितलं?”

“सांगतलं न. एक बी नाही राहिला म्हणलं. तुमी वडा वाढला मले.” तो हसत नव्हता, खरंच समजावत होता. “मले वाटलं, या माणसाले सुटाचंच आहे. पगार जास्त आहे, सहा-आठ महिने घ्याचा अन् निंगाचं. करतात कोणी कोणी.”

मी त्याचे आभार मानले. तो फोन ठेवेना.

“भाऊ, एक इचारू? तुमच्या कंपनीत पिपातून निंगून कोणी राहते का?”

“राहतं.”

“कोण आहे असा? तुमी पाह्यला?”

माझ्या समोर राजीनाम्याचा मजकूर उघडाच होता. ज्या माणसाच्या शोधात मी रामटेकपर्यंत जाऊन आलो होतो, तो रोज सकाळी आरशात दाढी करत होता.

“मी,” मी म्हणालो.

“तुमी?” तो म्हणाला. “मंग काहून सोडून राहिले?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण कँटीनमध्ये लोक मला पीपवाले म्हणतात हे कारण मिरचीच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. हेतू नव्हता, तिथपर्यंत पाय गेले.

“एक विचारायचं होतं,” मी म्हणालो. “दोन वर्षांपूर्वी मला प्लॅनवर घेतलं होतं. ते संख्या भरायची म्हणून होतं का? म्हणजे टीममागे एक, तसं काही?”

त्यांनी चष्मा काढला. “नाही. आपल्याकडे तशी सक्ती नाही. पूर्ण विभागाचा साधारण अंदाज असतो, टीमवर आकडा नसतो. त्या वर्षी माझ्या टीममधून तुम्ही एकटेच होता आणि पुढच्या वर्षी कोणीच नव्हतं.”

“मग मीच का?”

“तुम्ही खरंच चुकला होतात,” त्या म्हणाल्या. “तीनदा.”

एखाद्या वरिष्ठाच्या तोंडून इतकं दिलासा देणारं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी त्यांना थँक यू म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि सध्या मेसेज कोणत्या यादीला जातायत ते विचारून घेतलं.

जागेवर येऊन मी राजीनाम्याचा मजकूर पुसला. समोरच्या कंपनीला लिहिलं, की पितृपक्षामुळे तीस सप्टेंबरच्या आत रुजू होणं शक्य नाही. कारण खोटं नव्हतं. एचआरच्या बाईंचं उत्तर दुपारच्या आत आलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्याच आठवड्यात ती जागा पुन्हा जाहिरातीत दिसली. तेच काम, तोच पगार, आणि खाली ठळक अक्षरात ‘तीस सप्टेंबरपूर्वी रुजू होणाऱ्यांना प्राधान्य’. ती कोणीतरी भरली असेल. त्यालाही कोणी समजूतदार म्हटलं असेल.

आईला सांगितलं, नाही जात. ती म्हणाली, पितरांनी राखलं. बायकोने भाजी वाढली. मेथीचीच.

दुपारी कँटीनमध्ये ताट घेऊन बसलो, तर शेजारी नेहमीचा येऊन टेकला. “काय जी, पीपवाले. किती पाणी आहे आज?”

“पुरेसं आहे,” मी म्हणालो, आणि त्याला चटणी सरकवली.

तेवढ्यात फोनवर मिरचीवाल्याचा मेसेज आला. ‘काय ठरलं भाऊ. जाऊन राहिले का.’

मी उत्तर लिहिलं. पाठवायच्या आधी ते कोणाला जातंय हे दोनदा तपासलं, जुना टेस्टर शेजारी असल्यासारखा खोल श्वास घेतला, आणि मग पाठवलं.

‘नाही. राहून राहिलो.’